सर्पगंधेच्या चार बातम्या

१९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’ या नियतकालिकात मुंबईच्या एका डॉक्टरांचा सहा पानांचा लेख छापून आला. डॉक्टरांचं नाव रुस्तम जाल वकील. लंडनला शिकून परतलेले हे तरुण हृदयरोगतज्ज्ञ परळच्या केईएम रुग्णालयात काम करत होते. लेखाचा विषय होता उच्च रक्तदाबाच्या पन्नास रुग्णांना सर्पगंधेच्या मुळीच्या गोळ्या देऊन काय दिसलं, हा. रुग्णांचा रक्तदाब उतरलेला दिसला. आठ वर्षांनी, १९५७ मध्ये, वकिलांना अमेरिकेतला लास्कर पुरस्कार मिळाला. वैद्यकातल्या मोठ्या पुरस्कारांत तो गणला जातो.

मुंबईतलं संशोधन, परंपरेतली वनस्पती आणि परदेशातला सन्मान, एवढं एकत्र आल्यावर ही गोष्ट ‘आपल्या मुळीने जगाला चकित केलं’ अशा थाटात सांगितली जाते यात नवल नाही. परदेशात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना तर ती जास्तच भावते. मी साथरोगशास्त्रात पोस्टडॉक म्हणून काम करते. वैद्यकीय अभ्यास कसा वाचावा आणि तो दुसऱ्याला कसा सांगावा, हे नव्या विद्यार्थ्यांना समजावताना मी हीच गोष्ट काढते, पण पुढची पंचवीस वर्षं धरून. त्या काळात या एका औषधाबद्दल एकदा चमत्काराची बातमी झाली आणि दोनदा भीतीची. मधे एक खरोखर भक्कम अभ्यास झाला, त्याचीही बातमी चुकीची सांगता येते. आपण हे चारही अभ्यास क्रमाने पाहू आणि प्रत्येकासाठी प्रामाणिक बातमीचं एक वाक्य लिहून बघू.

पन्नास रुग्ण

सर्पगंधा वकिलांनी शोधली नव्हती. वेडावरचं औषध म्हणून तिची मुळी उत्तर भारतात आणि बिहारकडे फार पूर्वीपासून वापरात होती. ‘पागल की दवा’ असंच तिला म्हणत. १९३१ मध्ये गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी कलकत्त्याहून लिहिलं, की ही मुळी वेडावर आणि वाढलेल्या रक्तदाबावर उपयोगी पडते. त्याच सुमारास दिल्लीत सलीमुज्जमान सिद्दिकी यांनी मुळीतून काही अल्कलॉइडं वेगळी काढली आणि त्यांतल्या एकाला हकीम अजमल खान यांच्यावरून ‘अजमलीन’ असं नाव दिलं. हे सगळं भारतीय नियतकालिकांत राहिलं. वकिलांचा लेख लंडनच्या नियतकालिकात आल्यामुळे पाश्चात्त्य हृदयरोगतज्ज्ञांच्या हाती पडला, आणि त्याचं ऐतिहासिक महत्त्व मुख्यतः इथे आहे.

आता त्या पन्नास रुग्णांकडे वळू. औषधाआधी रक्तदाब मोजला, काही आठवडे औषध दिलं, पुन्हा मोजला, आणि तो उतरला होता. पण चिठ्ठ्या टाकून वेगळा काढलेला आणि तशाच दिसणाऱ्या रिकाम्या गोळ्या घेणारा दुसरा गट या अभ्यासात नव्हता. हा दोष वकिलांचा म्हणता येत नाही. क्षयावरच्या स्ट्रेप्टोमायसिनची चिठ्ठ्या टाकून केलेली प्रसिद्ध ब्रिटिश चाचणी आदल्याच वर्षी, १९४८ मध्ये, प्रसिद्ध झाली होती. ती रीत रक्तदाबाच्या औषधांपर्यंत पोहोचायला अजून वेळ होता.

दुसरा गट नसला तर काय बिघडतं? रक्तदाबाच्या बाबतीत खूप बिघडतं, कारण तो स्थिर नसतो. एकाच माणसाचा रक्तदाब सकाळी एक, संध्याकाळी दुसरा आणि डॉक्टरांसमोर तिसराच असतो. समजा, तुम्ही दवाखान्यात आलेल्या दोनशे जणांचा रक्तदाब मोजलात आणि ज्यांचा आकडा फार वर होता असे पन्नास निवडलेत. या पन्नासांमध्ये काही जणांचा रक्तदाब नेहमीच जास्त असतो. पण काही जण असे असतात, की नेमका त्याच दिवशी तो चढलेला होता: जिना चढून आले, घाबरले, रात्री झोप झाली नाही. महिन्याने याच पन्नास जणांना पुन्हा मोजलंत तर सरासरी आकडा खाली आलेला दिसतो, मधल्या काळात तुम्ही त्यांना नुसतं पाणी दिलं असलंत तरी. निवड टोकाची असली की दुसरं मोजमाप सरासरीकडे झुकतं. शिवाय महिनाभरात रुग्णाला दवाखान्याची सवय होते, भीती कमी होते. मोजणाऱ्याला औषध चालू आहे हे ठाऊक असेल, तर काटा १६८ आणि १७० च्या मध्ये असताना तो नकळत १६८ लिहितो.

या सगळ्याची बेरीज किती, हे औषध न घेणारा तसाच दुसरा गट असल्याशिवाय कळत नाही. रक्तदाबाच्या चाचण्यांमध्ये रिकाम्या गोळीच्या गटातही आकडे उतरताना दिसतात. औषधाचं काम म्हणजे दोन गटांच्या उतरण्यातला फरक. वकिलांच्या पन्नास रुग्णांचं उतरणं खरं होतं, पण त्यातला औषधाचा वाटा किती हे त्या अभ्यासातून काढता येत नव्हतं.

बॉस्टनच्या रॉबर्ट विल्किन्स यांनी पुढे हेच औषध आपल्या रुग्णांवर वापरून पाहिलं. औषध सौम्य आहे, परिणाम सावकाश दिसतो, माणूस शांत होतो आणि दुसऱ्या औषधांच्या जोडीला ते अधिक उपयोगी पडतं, असा त्यांचा अनुभव होता. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या सिबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी मुळीतलं मुख्य द्रव्य वेगळं केलं. ते रेसर्पिन. नंतर न्यूयॉर्कजवळच्या एका मनोरुग्णालयात नेथन क्लाइन यांनी ते मानसिक रुग्णांना दिलं आणि बातम्यांना उधाण आलं. वकिलांबरोबर १९५७ चा लास्कर पुरस्कार ज्यांना मिळाला त्यांत क्लाइनही होते.

१९४९ च्या अभ्यासाची प्रामाणिक बातमी माझ्या मते अशी झाली असती: ‘मुंबईत रक्तदाबाच्या पन्नास रुग्णांना सर्पगंधेच्या गोळ्या दिल्यानंतर बहुतेकांचा रक्तदाब उतरलेला दिसला, औषध न घेणाऱ्यांशी तुलना अजून झालेली नाही.’ या वाक्यात ‘दिल्यानंतर’ हा शब्द मुद्दाम घातला आहे. ‘गोळ्यांनी रक्तदाब उतरला’ असं लिहिलं की तृतीया विभक्तीच्या एका प्रत्ययात कार्यकारणभाव येऊन बसतो. मराठीत हे फार सहज घडतं. ‘-ने’, ‘-मुळे’, ‘-मुळेच’ या पायऱ्या आपण बोलता बोलता चढून जातो. तुम्ही एखादी वैद्यकीय बातमी पुढे पाठवाल तेव्हा आधी हे प्रत्यय तपासा.

पाच रुग्ण

रेसर्पिन पसरलं तशा त्याच्याबद्दलच्या तक्रारीही आल्या. १९५४ मध्ये एडवर्ड फ्राइस या अमेरिकन डॉक्टरांनी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये पाच रुग्णांची हकिगत लिहिली. मोठ्या मात्रेत आणि दीर्घकाळ रेसर्पिन घेणाऱ्या या रक्तदाबाच्या रुग्णांना नैराश्य आलं होतं. फ्राइस यांनी लेखाच्या शीर्षकातच ‘दीर्घकाळ’ आणि ‘मोठ्या मात्रेत’ हे दोन्ही शब्द घातले होते. पुढे हकिगत एका पुस्तकातून दुसऱ्यात जाता जाता ते दोन्ही गळले आणि ‘रेसर्पिनने नैराश्य येतं’ एवढंच उरलं.

पाच रुग्णांच्या हकिगतीला किंमत नसते असं अजिबात नाही. औषधाचे दुष्परिणाम अनेकदा असेच, एखाद्या सावध डॉक्टरच्या टिपणातून, पहिल्यांदा कळतात. पण अशा टिपणात दोन आकडे नसतात. ते औषध एकूण किती जणांनी घेतलं आणि त्यातल्या पाच जणांना नैराश्य आलं, हा एक. तेवढ्याच काळात तशाच वयाच्या, औषध न घेणाऱ्या किती जणांना नैराश्य आलं असतं, हा दुसरा. नैराश्य ही दुर्मीळ गोष्ट नाही. लाखो लोकांना कुठलीही गोळी दिलीत तरी त्यांतल्या काहींना पुढच्या सहा महिन्यांत नैराश्य येणारच.

इथे अजून एक गोष्ट घडली. रेसर्पिन मज्जातंतूंमधला सेरोटोनिन आणि नॉरअ‍ॅड्रेनलीन यांचा साठा रिकामा करतं, हे प्राण्यांवरच्या प्रयोगांतून १९५० च्या दशकात कळलं. आता सांगायला गोष्ट पूर्ण झाली: औषध ही रसायनं कमी करतं आणि औषधाने नैराश्य येतं, म्हणजे ही रसायनं कमी झाल्याने नैराश्य येतं. नैराश्याचा जो रासायनिक सिद्धांत पुढे कित्येक वर्षं शिकवला गेला, त्याच्या पायातल्या दगडांपैकी हा एक होता. त्या दगडाखाली मात्र मुख्यतः तुलना न केलेल्या रुग्णांच्या हकिगती होत्या. यंत्रणा पटण्यासारखी असली की पुरावा आहे असं वाटू लागतं, पण ती फक्त हे घडू शकतं एवढं सांगते.

१९५५ मध्ये लंडनच्या डेव्हिस आणि शेफर्ड यांनी चिंता व नैराश्याच्या रुग्णांवर रेसर्पिन आणि रिकामी गोळी यांची तुलना केली. ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या त्या लहानशा चाचणीत रेसर्पिन घेणाऱ्यांची प्रकृती रिकामी गोळी घेणाऱ्यांपेक्षा बरी सुधारली. तिच्याकडे फारसं कुणी पाहिलं नाही. आता यावरून ‘रेसर्पिन नैराश्यावरचं औषध आहे’ असं लिहायला कुणाचा हात शिवशिवेल, तर तोही आवरायला हवा. तीही लहान चाचणीच होती, रुग्णही वेगळे होते, आणि मोठ्या मात्रेत दीर्घकाळ घेतलं तर काय होतं हा फ्राइस यांचा प्रश्न तिच्यातून सुटत नव्हता. आपल्या मताला अडचणीचा अभ्यास आणि सोयीचा अभ्यास, दोन्हींना एकच माप लावावं लागतं.

दुसऱ्या बातमीचं प्रामाणिक वाक्य: ‘मोठ्या मात्रेत दीर्घकाळ रेसर्पिन घेणाऱ्या पाच रुग्णांमध्ये नैराश्य आढळलं; औषध न घेणाऱ्यांपेक्षा हे प्रमाण जास्त आहे का, ते तपासावं लागेल.’ या वाक्यात रुग्णाच्या उपयोगाचीही एक गोष्ट आहे. गोळी घेत असाल आणि मन खचत असेल तर डॉक्टरांना सांगा, इतका इशारा त्यातून पुरेसा मिळतो.

एकशे त्रेचाळीस पुरुष

याच फ्राइस यांनी पुढे अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांत एक चाचणी उभी केली. १९६७ मध्ये तिचा पहिला निष्कर्ष प्रसिद्ध झाला. रक्तदाब औषधाने उतरवला तर माणसाचा फायदा होतो का, हा तेव्हा खरोखरच उघडा प्रश्न होता. आकडा उतरवता येतो हे माहीत होतं. पण अर्धांगवायू टळतो का, मूत्रपिंड वाचतं का, हे माहीत नव्हतं. मोजायला सोपी गोष्ट आणि रुग्णाला महत्त्वाची गोष्ट या दोन वेगळ्या असू शकतात.

चाचणीत १४३ पुरुष होते. त्यांचा खालचा रक्तदाब ११५ ते १२९ होता, म्हणजे बराच गंभीर. चिठ्ठ्या टाकून ७३ जणांना खरी औषधं आणि ७० जणांना रिकाम्या गोळ्या मिळाल्या. कुणाला काय मिळतंय हे रुग्णांनाही ठाऊक नव्हतं आणि डॉक्टरांनाही. सरासरी दीड वर्षाच्या आसपास त्यांच्यावर नजर ठेवली. रिकाम्या गोळीच्या गटात २७ जणांच्या बाबतीत गंभीर प्रसंग ओढवले, औषधांच्या गटात २ जणांच्या. रिकाम्या गोळीच्या गटात ४ मृत्यू झाले, औषधांच्या गटात एकही नाही. चाचणी लहान होती, तरीही फरक इतका मोठा होता आणि गट इतक्या नीट पाडलेले होते, की योगायोगावर ते ढकलता येत नाही. चाचणी लहान आहे एवढ्यावरून तिला मोडीत काढायचं नसतं, हे इथे दिसतं. मघाचे पन्नास आणि हे एकशे त्रेचाळीस यांच्यातला महत्त्वाचा भेद संख्येत नाही. इथे तुलनेला गट होता आणि तो चिठ्ठ्यांनी पाडला होता.

खऱ्या औषधांमध्ये रेसर्पिन होतं. मग ‘सर्पगंधेने अर्धांगवायू टळतो, अमेरिकन चाचणीत सिद्ध’ असं लिहायला काय हरकत आहे? हरकत तीन ठिकाणी आहे.

पहिली म्हणजे औषध एकटं नव्हतं. लघवी वाढवणारं हायड्रोक्लोरोथायझाइड, रेसर्पिन आणि रक्तवाहिन्या सैल करणारं हायड्रॅलझीन, अशी तिघांची मोट होती. फायदा मोटेचा दिसला, तिच्यातल्या एका बैलाच्या नावावर तो मांडता येत नाही. दुसरी हरकत रुग्णांबद्दलची. सगळे पुरुष होते आणि त्यांची निवडही कडक होती. चाचणी सुरू होण्याआधी प्रत्येकाला काही काळ रिकाम्या गोळ्या दिल्या होत्या, आणि त्यांत रायबोफ्लेविन हे जीवनसत्त्व मिसळलं होतं. गोळी घेतली असेल तर लघवी विशिष्ट प्रकाशात चमकते, त्यामुळे गोळ्या न घेणारे ओळखू यायचे. त्यांना आणि तारखा चुकवणाऱ्यांना वगळलं गेलं. म्हणजे नेमाने औषध घेणाऱ्या माणसांमधला हा निष्कर्ष आहे. तिसरी हरकत आजाराच्या तीव्रतेची. खालचा आकडा ९५ असलेल्या माणसाला हाच फायदा तेवढाच होईल, असं यातून निघत नाही. १९७० मध्ये याच गटाने ९० ते ११४ आकड्याच्या ३८० पुरुषांवरचे निष्कर्ष दिले. तिथेही उपचारांचा फायदा दिसला, पण त्या पट्ट्याच्या खालच्या टोकाला तो तितका स्पष्ट नव्हता.

या हरकतींमुळे चाचणी दुबळी होत नाही. तिच्या निष्कर्षाला कुंपण कुठवर घालायचं ते त्या सांगतात. प्रामाणिक वाक्य थोडं लांब होतं: ‘गंभीर रक्तदाब असलेल्या आणि नेमाने गोळ्या घेणाऱ्या पुरुषांमध्ये तीन औषधांच्या एकत्र उपचाराने सरासरी दीड वर्षाच्या आसपास गंभीर प्रसंग २७ वरून २ वर आले.’ इथे मी ‘उपचाराने’ म्हटलं आहे, आणि ती तृतीया या अभ्यासाने कमावलेली आहे.

अकरा स्त्रिया

२१ सप्टेंबर १९७४ च्या ‘लॅन्सेट’मध्ये एकाच अंकात तीन शोधनिबंध आले: बॉस्टनचा, इंग्लंडचा आणि हेलसिंकीचा. तिघांचंही म्हणणं साधारण एक होतं, की स्तनांचा कर्करोग झालेल्या स्त्रियांमध्ये रेसर्पिन घेणाऱ्यांचं प्रमाण इतर स्त्रियांपेक्षा जास्त आढळतं. बॉस्टनच्या अभ्यासात कर्करोगाच्या १५० रुग्णांपैकी ११ जणी रेसर्पिन घेत होत्या, म्हणजे ७.३ टक्के. तुलनेसाठी घेतलेल्या १२०० स्त्रियांपैकी २६ जणी, म्हणजे २.२ टक्के. गुणोत्तर साडेतीन पटींच्या आसपास. तीन देश, तीन स्वतंत्र गट आणि उत्तर एक. लाखो स्त्रिया हे औषध घेत होत्या. त्यांना आणि त्यांच्या डॉक्टरांना काय वाटलं असेल याची कल्पना करा.

आधी लहानसा हिशेब करू. १५० चे २.२ टक्के म्हणजे साधारण ३. औषधाचा कर्करोगाशी काही संबंध नसता तर तीनेक जणी सापडायला हव्या होत्या, सापडल्या ११. साडेतीन पट हा मोठा वाटणारा आकडा जेमतेम आठ स्त्रियांवर उभा आहे. आठ जणींचा फरक दुर्लक्ष करण्याजोगा नसतो, पण बातमीत ‘साडेतीन पट’ लिहिताना ‘१५० पैकी ११’ हेही शेजारी लिहायला हवं.

खरा घोटाळा मात्र तुलनेच्या गटात होता. तो समजण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका रुग्णालयात कर्करोगाखेरीज इतर कारणांनी आलेल्या १००० स्त्रिया आहेत. त्यांतल्या ३०० जणींना हृदयाचा किंवा रक्तदाबाचा विकार आहे, आणि रेसर्पिन हे रक्तदाबाचंच औषध असल्यामुळे त्यांतल्या ४० जणी ते घेतात. उरलेल्या ७०० पैकी फक्त १० जणी घेतात. एकूण १००० मध्ये ५०, म्हणजे ५ टक्के. कर्करोगाच्या स्त्रियांमध्येही हेच प्रमाण ५ टक्के आहे असं धरू, म्हणजे औषधाचा कर्करोगाशी काहीही संबंध नाही. आता संशोधक विचार करतो: ‘हृदयविकाराच्या रुग्णांमध्ये रेसर्पिनचा वापर मुळातच जास्त असतो, त्यांना तुलनेत घेतलं तर गडबड होईल, त्यांना वगळू.’ ऐकायला हे काळजीपूर्वक वाटतं. पण वगळल्यावर तुलनेच्या गटात ७०० पैकी १० राहतात, म्हणजे १.४ टक्के. कर्करोगाच्या गटातून मात्र रक्तदाबाच्या स्त्रिया वगळलेल्या नाहीत, तिथे ५ टक्केच आहेत. पाच भागिले १.४ म्हणजे साडेतीन पट! धोका कुठेच नव्हता, तो चाळणीने तयार केला.

हे काल्पनिक आकडे मी उत्तर जुळावं म्हणून निवडले आहेत हे उघड आहे. प्रत्यक्षातला दोष किती होता, हे अल्व्हन फाइनस्टाइन आणि राल्फ हॉर्विट्झ यांनी पुढे तपासलं. १९८५ मध्ये त्यांनी दाखवलं, की हृदयविकाराच्या स्त्रिया तुलनेच्या गटातून वगळल्या की रेसर्पिनचा कर्करोगाशी संबंध दिसतो, आणि त्यांना परत आत घेतलं की तो विरून जातो. त्याआधीच दुसऱ्या दिशेनेही पुरावा जमत होता. १९८० मध्ये लबार्थ आणि ओफॅलन यांनी रक्तदाब असलेल्या सुमारे २००० स्त्रियांचा पुढच्या काळात पाठपुरावा करून निष्कर्ष दिला. रेसर्पिन घेणाऱ्या स्त्रियांमध्ये कर्करोग जास्त आढळला नाही. हेलसिंकीच्या निबंधाचे एक लेखक सॅम्युएल शपिरो यांनी २००४ मध्ये मागे वळून लिहिताना स्वतःच्या त्या अभ्यासावर कठोर टीका केली. विज्ञानात असं कबूल करणारे थोडे असतात, म्हणून हे नोंदवते.

‘तीन अभ्यासांनी तेच सांगितलं’ हा युक्तिवाद आपल्याला फार पटतो. पण तिन्ही अभ्यास एकाच पद्धतीचे होते: आधी कर्करोग असलेल्या आणि नसलेल्या स्त्रिया निवडायच्या आणि मग मागे जाऊन औषध शोधायचं. तीन तराजूंत पारडं एकाच बाजूला झुकत असेल, तर तिघांनीही वजन एकाच दुकानातून आणलं आहे का ते बघावं लागतं. वेगळ्या पद्धतीच्या अभ्यासातूनही तेच उत्तर आलं तर त्याचं वजन वाढतं. इथे वेगळी पद्धत वापरल्यावर उत्तर बदललं.

चौथं वाक्य: ‘तीन अभ्यासांत स्तनांचा कर्करोग असलेल्या स्त्रियांमध्ये रेसर्पिनचा वापर जास्त आढळला, बॉस्टनला १५० पैकी ११ जणींत, तुलनेच्या स्त्रिया कशा निवडल्या यावर हे अवलंबून असू शकतं, स्वतःहून गोळी थांबवू नये.’ शेवटचा तुकडा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. अकरा स्त्रियांची बातमी वाचून कुणी गोळी सोडली आणि १९६७ च्या त्या सत्तर पुरुषांच्या वाटेने गेली, तर ते नुकसान खरं होतं.

रेसर्पिनचा वापर त्यानंतर ओसरला. इथे मलाच माझा नियम पाळावा लागेल. ‘१९७४ च्या बातमीने एक स्वस्त आणि चांगलं औषध मारलं’ असं लिहिण्याचा मोह होतो, आणि तसं लिहिलेलं तुम्हाला सापडेलही. पण त्याच दशकात बीटा ब्लॉकर जातीची नवी औषधं आली, त्यांच्यामागे कंपन्यांचा जोर होता, रेसर्पिनमुळे नाक चोंदणं आणि सुस्ती हे त्रास होतेच, आणि नैराश्याची जुनी भीतीही होती. बातमीनंतर वापर ओसरला, एवढं नक्की. बातमीमुळे किती ओसरला, हे मला सांगता येत नाही.

आजची मुळी

आता तुम्ही विचाराल, सर्पगंधेने रक्तदाब उतरतो की नाही? उतरतो. रेसर्पिनची रिकाम्या गोळीशी तुलना करणाऱ्या चाचण्यांचा कॉक्रेन या संस्थेने आढावा घेतला, तेव्हा निकषांत बसणाऱ्या चार चाचण्या सापडल्या. चारही मिळून २३७ माणसं. वरचा आकडा रिकाम्या गोळीपेक्षा सरासरी ८ च्या आसपास जास्त उतरला. वकिलांना जे दिसलं त्यात खरेपणा होता, हे यातून कळतं. आणि हेही कळतं, की जगभर वापरल्या गेलेल्या औषधाबद्दल ठामपणे सांगता येण्यासारखी गोष्ट इतकी लहान आहे: साधारण ८ अंकांचा उतार, २३७ माणसांत.

हा हिशेब अजूनही कामाचा आहे, कारण सर्पगंधा घनवटी आजही भारतातल्या औषधाच्या दुकानांत मिळते. वडील किंवा सासूबाई फोनवर कधीतरी सहज विचारतात, की बीपीच्या गोळीबरोबर ही घेतली तर चालेल का, आपलंच औषध आहे, त्यावर तर परदेशात बक्षीस मिळालंय. चाचण्यांमधलं रेसर्पिन ठरलेल्या वजनाचं, शुद्ध द्रव्य होतं. मुळीत ते किती आहे हे झाड, जमीन आणि हंगाम यांप्रमाणे बदलतं. चालू गोळ्यांवर त्याची भर पडली तर रक्तदाब नको इतका उतरू शकतो. रेसर्पिनचा परिणाम सावकाश येतो आणि औषध थांबवल्यावरही बरेच दिवस रेंगाळतो, त्यामुळे आज घेतलेल्या गोळीचा त्रास परवा दिसतो आणि दोघांचा संबंध कुणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून फोनवर विचारणाऱ्याला इतकंच सांगायचं, की गोळी नवी घेताना आणि जुनी सोडताना, दोन्ही वेळा आधी डॉक्टरांना दाखवा, आणि घनवटी घेत असाल तर तीही यादीत लिहून न्या.

त्यानंतर गोष्ट सांगायला बसायला हरकत नाही. परळच्या रुग्णालयातल्या पन्नास रुग्णांची गोष्ट चांगलीच आहे. ती सांगताना ‘तुलना अजून झालेली नव्हती’ हे चार शब्द जोडले तरी वकिलांचा मान कमी होत नाही.